डोकं थकलेल्या आठवड्यात जुनीच मालिका का बघावीशी वाटते? आणि नेमकी कोणती बघावी?

ऑफिसमध्ये डेडलाइन आहे, घरी कुणाचं तरी आजारपण आहे किंवा परीक्षा तोंडावर आली आहे. रात्री जेवताना थोडं काहीतरी बघावं म्हणून ॲप उघडलं जातं. सगळ्यांनी कौतुक केलेली नवी मालिका यादीत महिनाभर पडून आहे, पण बोट तिच्यावर जात नाही. वीस मिनिटं खालीवर स्क्रोल केल्यावर शेवटी लागतो तो 'फ्रेंड्स'चा पाठ असलेला एखादा भाग, नाहीतर 'साराभाई'.

याला बरेच जण आळस म्हणतात. "किती वेळा तेच तेच बघशील?" हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. पण दमलेल्या माणसाने ओळखीच्या गोष्टीकडे वळण्यामागे कारण आहे आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. मात्र आवडती मालिका आणि आराम देणारी मालिका या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. निवड चुकली तर तासभर बघूनही माणूस आधीपेक्षा जड डोक्याने झोपायला जातो.

(पुढे 'पंचायत' आणि 'फ्रेंड्स' या मालिकांमधल्या काही घटनांचा उल्लेख आहे.)

नवी मालिका जड का जाते?

नव्या मालिकेचा पहिला भाग बघताना आपण नुसते बघत नसतो, बरंच काही लक्षात ठेवत असतो. हा कोण, ती त्याची बहीण की बायको, मघाशी फोन कुणाचा आला होता, हा प्रसंग आत्ताचा की दहा वर्षांपूर्वीचा. पहिल्या तासात आठ-दहा चेहरे आणि त्यांची नाती डोक्यात बसवावी लागतात. एखादं वाक्य निसटलं की पुढचा प्रसंग कळत नाही, मग मागे जाऊन पुन्हा बघावं लागतं.

एरवी याच कामात मजा असते. पण दिवसभर डोक्याने हेच केलेलं असतं. आकडे लक्षात ठेवले, कुणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवलं, तोंडातून नको ते निघू नये म्हणून स्वतःला आवरलं. संध्याकाळी त्याच डोक्याला आणखी एक कुटुंब पाठ करायला लावणं त्याला नको असतं.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. नव्या गोष्टीत पुढे काय होणार हे माहीत नसतं आणि चांगला लेखक ती टांगती अवस्था मुद्दाम लांबवतो. ताणाच्या आठवड्यात मात्र खऱ्या आयुष्यातच एक-दोन गोष्टी टांगलेल्या असतात. रिपोर्ट काय येईल, साहेब काय म्हणतील, हे कळलेलं नसतं. जुन्या मालिकेत सगळं कळलेलं असतं. लक्ष उडालं तरी धागा तुटत नाही, आणि काळजी वाटलीच तर ती कुठे संपणार हेही आपल्याला ठाऊक असतं.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जे डेरिक यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात काही लोकांना आधी डोकं शिणवणारं काम देण्यात आलं. अलीकडे बाहेर कुठे गेला होता त्याबद्दल लिहा, पण इंग्रजीतली दोन ठरावीक अक्षरं कुठेही वापरू नका, असं ते काम होतं. इतरांना अशी अट नव्हती. त्यानंतर काहींनी आपल्या आवडत्या टीव्ही मालिकेबद्दल लिहिलं, तर काहींनी आपल्या खोलीतल्या वस्तूंची यादी केली. आधी अवघड काम केलेले लोक आवडत्या मालिकेबद्दल जास्त वेळ लिहीत राहिले आणि त्यानंतर त्यांना ताजंतवानंही वाटलं.

दुसऱ्या टप्प्यात लोकांनी रोज नोंदी ठेवल्या. ज्या दिवशी स्वतःला जास्त आवरावं लागलं, त्या दिवशी लोक आधी पाहिलेल्या मालिका, सिनेमे आणि वाचलेल्या पुस्तकांकडे जास्त वळले आणि त्याचा त्यांना फायदा झाला. टीव्हीवर जे चालू असेल ते बघत बसण्याने मात्र तसा फायदा झाला नाही. आपल्या कामाचा मुद्दा हाच आहे. आराम टीव्हीने मिळतोच असं नाही, तो ओळखीच्या जगात परत जाण्याने मिळतो. तिथल्या माणसांना आपण ओळखतो, ती आपल्याला आवडतात, आणि त्यांच्याशी बोलण्याची, त्यांना सांभाळून घेण्याची काही जबाबदारी आपल्यावर नसते.

इथे एक सावधगिरीही हवी. मनाचा निग्रह बॅटरीसारखा खर्च होतो आणि पुन्हा भरतो, या कल्पनेवर हा अभ्यास आधारलेला आहे. त्या कल्पनेची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर पुन्हा चाचणी केली, तेव्हा अपेक्षित परिणाम जवळपास दिसलाच नाही. म्हणून 'जुनी मालिका बघा आणि कामाची शक्ती भरून घ्या' असा दावा करणं जास्त होईल. दमलेली माणसं ओळखीच्या गोष्टीकडे वळतात आणि त्यांना बरं वाटतं, इतकं म्हणणं पुरेसं आहे.

मग कोणतीही आवडती मालिका चालेल?

नाही. निवडताना चार प्रश्न विचारले की यादी लगेच छोटी होते.

१. भाग तिथल्या तिथे संपतो का?

'साराभाई वर्सेस साराभाई'चा कुठलाही भाग घ्या. कफ परेडमधल्या घरात काहीतरी घोळ होतो, माया मोनिषाला तिच्या 'मिडल क्लास' सवयींवरून टोमणे मारते, रोसेश कविता म्हणतो, इंद्रवदन आगीत तेल ओततो, आणि साधारण वीस-बावीस मिनिटांत तो घोळ निस्तरतो. उद्या काय होणार हा प्रश्न उरत नाही. 'फ्रेंड्स'चे बरेचसे भागही असेच आहेत. थकलेल्या रात्री याचा अर्थ साधा आहे. एक भाग बघून टीव्ही बंद करता येतो.

याउलट, प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं आणि पडदा काळा होतो अशी थ्रिलर मालिका दुसऱ्यांदा बघतानाही पुढे ढकलत राहते. शेवट माहीत असला तरी मधले तपशील विसरलेले असतात, त्यामुळे 'आणखी एकच' करत रात्रीचा एक वाजतो. ती कितीही आवडती असली तरी ती सुट्टीत बघायची गोष्ट आहे.

२. दुखरी जागा कुठे आहे?

हलकीफुलकी म्हणून ओळखली जाणारी मालिका शेवटपर्यंत हलकी राहतेच असं नाही. याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे 'पंचायत'. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या सीझनमधले पेच छोटे आहेत. ऑफिसच्या कुलपाची किल्ली सापडत नाही, सोलर दिवा कुठे लावायचा यावरून भुताच्या झाडाची गोष्ट निघते, सचिवजी चाकांची खुर्ची आणतात आणि लग्नाला आलेल्या नवरदेवाला त्याच खुर्चीचा मोह पडतो. गाव शांत, बोलणं सावकाश, भांडणंसुद्धा मिटणारी.

पण २०२२ मध्ये आलेला दुसरा सीझन संपतो तो प्रल्हाद यांच्या मुलाच्या मृत्यूने. सैन्यातल्या या तरुण मुलाचा मृतदेह गावात येतो तो भाग विनोदी मालिकेतला राहत नाही. तिसरा सीझन त्या दुःखाची सावली घेऊनच सुरू होतो आणि गोळीबारापर्यंत जातो, तर चौथ्यात निवडणुकीची चुरस आणि पराभव आहे. ज्याला शांत फुलेरा हवं आहे, त्याच्यासाठी 'पंचायत' म्हणजे पहिला सीझन आणि दुसऱ्याचा शेवट सोडून बाकीचा भाग. पहिल्यापासून लावून ॲप नेईल तिकडे जात राहिलं, तर ताणाच्या आठवड्याच्या मधोमध माणूस नेमका त्या अंत्ययात्रेपाशी पोचतो.

'फ्रेंड्स'मध्येही अशा जागा आहेत. तिसऱ्या सीझनचा १५वा आणि १६वा भाग रॉस आणि रेचेलच्या ब्रेकअपचे आहेत. ज्याचं स्वतःचं नातं नुकतंच तुटलंय त्याने ते दोन भाग ओलांडून पुढे जावं. जुनी मालिका बघण्याचा सगळ्यात मोठा फायदाच हा आहे की खड्डा कुठे आहे ते आधीच माहीत असतं. तो वापरायचा असेल तर बसण्याआधी क्षणभर तो आठवावा लागतो.

३. मालिका आणि आपला ताण एकाच विषयावर आहेत का?

हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. 'पंचायत'चा अभिषेक त्रिपाठी मनासारखी नोकरी मिळाली नाही म्हणून गावात आला आहे. पगार कमी आहे, रात्री तो 'कॅट'चा अभ्यास करतो आणि इथून कधी सुटतो असं त्याला झालेलं आहे. ज्याला गावाची शांतता हवी आहे त्याच्यासाठी ही पार्श्वभूमी आहे. पण जो स्वतः तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा देतो आहे, त्याच्यासाठी अभिषेकचं टेबल आणि पुस्तकं म्हणजे आरसा आहे. आराम मिळवायला बसलेला माणूस अर्ध्या तासात स्वतःच्या मार्कांचा हिशेब करू लागतो.

'साराभाई'चंही तसंच आहे. सासू सुनेला सतत कमी लेखते, हा त्या मालिकेचा पाया आहे. मायाचे टोमणे इतके अचूक आहेत की लोकांना ते पाठ आहेत. पण ज्या घरात ते रोज खरोखर ऐकावे लागतात, तिथल्या सुनेला त्यावर हसू येईलच असं नाही. काहींना उलट ते बघून मोकळं वाटतं. ठरवायचं प्रत्येकाने स्वतःच, पण प्रश्न विचारून ठरवलेलं बरं.

४. त्या मालिकेला कोणती आठवण चिकटली आहे?

मालिका आपण एकट्याने पाहिलेली नसते. कुणाबरोबर, कुठल्या घरात, कुठल्या दिवसांत पाहिली हेही तिच्यासोबत परत येतं. होस्टेलमध्ये चार मैत्रिणींनी एका लॅपटॉपवर पाहिलेली मालिका पुन्हा लावली की त्या चौघी परत येतात. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये मोबाइलवर पाहिलेली मालिका कितीही विनोदी असली तरी ती रूम परत आणते.

कलाकारांच्या बाबतीतही हेच घडतं. 'फ्रेंड्स'मध्ये चँडलर झालेले मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेले. 'साराभाई'तले इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, २०२५ मध्ये गेले. त्यानंतर काहींना या मालिका बघताना पोटात कालवतं, तर काहींना तोच माणूस पुन्हा भेटल्यासारखं वाटतं. आपण कुठल्या बाजूला आहोत हे ताणाच्या आठवड्यात शोधायला जाऊ नये. त्यासाठी निवांत रविवार बरा.

एक उदाहरण: मार्चअखेरचा आठवडा

हे चार प्रश्न प्रत्यक्षात कसे लागू होतात ते पाहू. समजा, ठाण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करणारी २६ वर्षांची मुलगी आहे. मार्चचा शेवटचा आठवडा आहे. वर्षाचे हिशेब बंद करायचे आहेत, एका खात्याचा ताळमेळ लागत नाही, आणि ही नोकरी पुढेही करायची की सोडायची हा प्रश्न गेले तीन महिने डोक्यात आहे. ती रात्री साडेनऊला घरी पोचते. साडेअकराला झोपलं तरच सकाळची आठची लोकल शुद्धीत पकडता येते. तिच्या पूर्वी पाहिलेल्या आणि आवडत्या मालिका चार: 'पंचायत', 'फ्रेंड्स', 'साराभाई' आणि लहानपणी घरी पाहिलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे'.

'पंचायत' तिसऱ्या प्रश्नावर बाद होते. पहिला सीझन सौम्य आहे, भागही साधारण अर्ध्या तासाचे आहेत. पण नोकरीत मन न रमलेला नायक तिला या आठवड्यात नको. तिच्या डोक्यातला प्रश्न तो रोज रात्री तिच्यासमोर मांडेल.

'टिपरे' पहिल्या तिन्ही प्रश्नांवर उत्तम उतरते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली. मध्यमवर्गीय घर, त्यात आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, रोजची एखादी लहानशी घटना आणि आबांची डायरी. गोष्ट घरातच सुरू होते, घरातच संपते. शिवाय संवाद मातृभाषेत, त्यामुळे जेवताना ताटाकडे बघत नुसतं ऐकलं तरी चालतं. पण चौथ्या प्रश्नावर ती अडते. ही मालिका ती आजोबांच्या शेजारी बसून बघायची आणि आजोबा गेल्या वर्षी गेले. आबांना बघून तिला रडू येईल. ते रडू वाईट नाही, कदाचित तिला त्याची गरजही असेल. पण मंगळवारी रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी ऑडिटर येणार असताना नको. 'टिपरे' ती एप्रिलच्या पहिल्या रविवारी आईबरोबर बघू शकते.

उरल्या 'फ्रेंड्स' आणि 'साराभाई'. दोन्हींचे भाग छोटे, विनोदी आणि बहुतेक तिथल्या तिथे संपणारे. 'फ्रेंड्स'चे दहा सीझन आणि २३६ भाग आहेत. त्यामुळे 'कुठला लावू?' या प्रश्नातच तिची दहा मिनिटं जातात. शिवाय तिला इंग्रजी संवादांसाठी सबटायटल लागतात, म्हणजे डोळे सतत पडद्यावर ठेवावे लागतात. दिवसभर स्प्रेडशीट बघितलेल्या डोळ्यांना ते नकोसं होतं.

'साराभाई'त मूळ मालिकेचे भाग सत्तरच्या आसपास आहेत, भाषा कानाला सवयीची आहे आणि ती रूममेट्सबरोबर राहत असल्याने सासूचा प्रश्न सध्या तिच्या आयुष्यात नाही. सतीश शाह गेल्यानंतर तिने एक-दोन भाग पाहिलेत आणि ती हसली आहे. म्हणजे या आठवड्यासाठी उत्तर मिळालं. इथे 'टेक टू' नावाने २०१७ मध्ये आलेले नवे भाग मात्र तिने टाळावेत. माणसं तीच असली तरी ते तिने पाहिलेले नाहीत, आणि न पाहिलेलं म्हणजे पुन्हा नवंच.

ही निवड कायमची नाही. हीच मुलगी पुढच्या वर्षी लग्न होऊन सासरी असेल आणि नोकरी मनासारखी असेल, तर उत्तर कदाचित 'पंचायत' येईल. आराम देणारी मालिका माणसाप्रमाणे बदलते आणि त्याच माणसाच्या आठवड्याप्रमाणेही बदलते.

किती बघायचं आणि कसं?

हिशेब सोपा आहे. बावीस मिनिटांचे दोन भाग म्हणजे ४४ मिनिटं. साडेनऊला घरी येऊन, हातपाय धुऊन, दहा वाजता ताट घेऊन बसलं तर पावणेअकराला दोन भाग संपतात आणि झोपेआधी पाऊण तास हातात राहतो. पाच दिवसांचे दहा भाग झाले. हे दहा भाग रविवारीच ठरवून ठेवले तर रोज रात्री निवड करायची वेळच येत नाही. थकलेल्या माणसाला बघण्यापेक्षा निवडण्याचाच जास्त कंटाळा येतो.

सुरुवात पहिल्या भागापासूनच करायला हवी असं नाही. पहिला भाग पात्रांची ओळख करून देण्यासाठी असतो आणि ती ओळख आपल्याला नको आहे. सगळे आपापल्या जागी बसलेले असतात तो मधला भाग जास्त कामाचा. मालिका आपल्याकडे असलेल्या ॲपवर आहे ना, हेही आधीच तपासावं. प्रसारणाचे हक्क बदलले की जुन्या मालिका एका ॲपवरून दुसरीकडे जातात, आणि ऐनवेळी शोधाशोध सुरू झाली की पुन्हा तेच स्क्रोलिंग.

सगळ्यात मोठी अडचण आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या भागाची असते. दमलेल्या अवस्थेत 'थांबव' म्हणण्यालाच मेहनत लागते आणि ॲप तर काही सेकंदांतच पुढचा भाग लावतं. नेटफ्लिक्सवर हे बंद करता येतं. ब्राउझरमधून अकाउंटमध्ये जाऊन आपल्या प्रोफाइलच्या Playback settings मध्ये Autoplay next episode in a series on all devices या ओळीसमोरची खूण काढायची. इतर ॲपच्या सेटिंग्जमध्येही 'ऑटोप्ले' या नावाने बहुतेकदा हा पर्याय मिळतो. भाग संपल्यावर पडदा नुसता थांबला की उठणं बरंच सोपं होतं.

झोपेचा मुद्दा इथेच येतो. लिझे एक्सेलमान्स आणि यान व्हॅन डेन बल्क या संशोधकांनी २०१७ मध्ये १८ ते २५ वयोगटातल्या ४२३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सलग भाग बघत बसणाऱ्यांची झोप जास्त बिघडलेली होती आणि त्यामागे झोपण्याआधी डोक्यात चालू राहणारी खळबळ होती. गोष्टीत अडकलेलं मन अंथरुणावरही तिचाच विचार करत राहतं. हा अभ्यास एका वेळी घेतलेल्या माहितीवर आधारलेला आहे, त्यामुळे त्यातून कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाहीत. पण सुटे, संपणारे आणि पाठ असलेले भाग निवडण्याचं कारण त्यातून अधिक स्पष्ट होतं.

निवड चुकली हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या दिवशीच कळतं. भाग संपल्यावर खांदे सैल पडले, भूक नीट लागली किंवा एखादा संवाद आठवून सकाळी हसू आलं, तर निवड बरोबर आहे. उलट दहा मिनिटांत दोनदा प्रसंग पुढे ढकलावासा वाटला, तर त्या भागात काहीतरी टोचतंय. तो भाग सोडावा, आणि पुढच्यातही तेच झालं तर मालिका बदलावी. पाठ असलेली मालिकाही पूर्ण बघायचं बंधन नसतं.

बघताना हातात सतत फोन असेल तर दोन शक्यता असतात. मालिका पाठ आहे म्हणून अधूनमधून फोन बघितला जात असेल तर काळजीचं कारण नाही. पण फोनवर ऑफिसचा ग्रुपच उघडा असेल, तर मालिका नुसती मागे वाजते आहे आणि काम संपलेलंच नाही. अशा वेळी दोनऐवजी एकच भाग, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, हे जास्त उपयोगी पडतं.

तिसरी खूण कामाबद्दलची आहे. काम झाल्यावर बघितलेली मालिका आराम देते. काम टाळण्यासाठी लावलेली मालिका तेवढ्यापुरती सुटका करते, पण बघताना 'ते राहिलंय' ही टोचणी चालूच असते आणि बंद केल्यावर ती दुप्पट होते. वर दिलेल्या हिशेबात जेवणाची वेळ ठरवली आहे ती याचसाठी.

जुनी मालिका हा एका अवघड आठवड्यावरचा उपाय आहे आणि त्याची मर्यादाही तेवढीच आहे. आठवडा संपला, काम हलकं झालं, तरीही नव्या कशातच रस वाटत नाही, आवडत्या भागावरही हसू येत नाही, झोप किंवा भूक बिघडलेलीच आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर प्रश्न मालिकेच्या निवडीचा राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोलायला हवं. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकी बहुतेक आठवडे जातात. शनिवारी मन थोडं मोकळं झालं की यादीत पडून असलेल्या नव्या मालिकेवर बोट आपोआप जातं. तोपर्यंत घरात कुणी "पुन्हा तेच?" असं विचारलंच, तर "हो, पुन्हा तेच" हे उत्तर पुरेसं आहे.